कुत्रं घरात एकटं राहणार असेल, तर पहिला अर्धा तास सांभाळा

घरून काम संपलं आणि आठवड्यातले तीन दिवस हिंजवडी नाहीतर खराडी गाठायची वेळ आली, की पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप ठरलेला असतो: ‘बी विंगमधलं कुत्रं सकाळपासून रडतंय, कोणी बघता का?’ मग घरचे ऑनलाइन खेळणी मागवतात. हाड, दोरी, चेंडू, खाणं लपवायचं रबरी भांडं, सगळं एकदम येतं. आठवडाभरात त्यातलं निम्मं फाटतं, निम्मं सोफ्याखाली जातं आणि कुत्रं रडतंच.

खेळणी वाईट नसतात. ती कशासाठी द्यायची, याची अपेक्षा चुकलेली असते. ‘आम्ही परत येईपर्यंत याला गुंतवून ठेवेल’ असं कोणतंही खेळणं नाही, आणि तशी गरजही नाही.

## एकट्या कुत्र्याने दिवसभर करायचं काय?

झोपायचं. मोठं, निरोगी कुत्रं चोवीस तासांत साधारण बारा ते चौदा तास झोपतं किंवा पेंगत पडून असतं. दुपारी दोन वाजता कुठल्याही गल्लीत बघा, रस्त्यावरची कुत्री गाडीखालच्या सावलीत आडवी झालेली दिसतील. फ्लॅटमधल्या कुत्र्याचं शरीर वेगळं नसतं. म्हणून चार-पाच तास करमणूक पुरवायची नसते, कुत्र्याला झोपेपर्यंत शांतपणे पोचवायचं असतं.

अडचण येते ती दार बंद झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात. बालवाडीच्या दारात मूल आईचा हात सोडत नाही. पण आत गेल्यावर हातात रंगीत कणकेचा गोळा आला, की दहा मिनिटांत ते सावरतं. बाईंना मुलाला चार तास कणकेत गुंतवायचं नसतं, ती दहा मिनिटं पार करायची असतात. खाणं लपवलेलं खेळणं हेच काम करतं. अशा खेळण्याला किंवा भांड्याला ‘फूड पझल’ म्हणतात. त्यातलं खाणं थेट तोंडात येत नाही. चाटून, ढकलून किंवा हुंगून ते मिळवावं लागतं.

चाटणं, चावणं आणि हुंगणं या तिन्ही कामांत कुत्रं एका जागी थांबतं आणि त्याचा वेग उतरतो. चेंडू फेकण्याचं याच्या उलट आहे. निघण्याच्या दहा मिनिटं आधी पार्किंगमध्ये चेंडूमागे पळवलं, तर कुत्रं थकलेलं दिसतं, पण आतून तापलेलं असतं. ते उतरायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच वेळात तुम्ही दार बंद करता.

## आधी एक मोबाईल लावा

खेळण्यांवर पैसे घालण्याआधी एक जुना मोबाईल हॉलमध्ये असा ठेवा की मुख्य दार आणि कुत्र्याची नेहमीची जागा दोन्ही दिसतील. रेकॉर्डिंग सुरू करा, दाराजवळ थोडं आवडतं खाणं ठेवा आणि नेहमीसारखं कुलूप लावून अर्धा तास खाली जा. कुत्रं फारच कासावीस झाल्याचं ऐकू आलं, तर अर्धा तास होण्याची वाट न बघता परत या. या रेकॉर्डिंगमधून जे कळतं, ते शेजाऱ्यांच्या तक्रारीतून किंवा कुरतडलेल्या चपलेवरून कळत नाही.

कंटाळलेलं कुत्रं सहसा आधी खाऊन घेतं, घरभर फिरतं आणि मग काहीतरी शोधून कुरतडतं. ती वस्तू कुठलीही असू शकते: उशी, चार्जरची वायर, कचऱ्याचा डबा. मध्येच खिडकीतून कबुतर दिसलं की भुंकतं आणि पुन्हा पडतं.

दुसऱ्या प्रकारच्या कुत्र्याला एकटं राहण्याचीच धास्ती असते. इंग्रजी नावाने तिला ‘सेपरेशन अँक्झायटी’ म्हणतात, आपण धास्तीच म्हणू. असं कुत्रं दारापासून हलत नाही. ते धापा टाकतं, त्याची लाळ गळते, ते दाराची चौकट ओरबाडतं, एकसुरी रडणं थांबत नाही, आणि एरवी शी-शूची सवय असलेलं कुत्रं घरात करून बसतं. हे बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतं. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे समोरचं खाणं तसंच राहतं. तुम्ही दार उघडून आत आलात की तेच खाणं ते अधाशासारखं खातं. घाबरलेल्या जिवाला भूक लागत नाही, परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या घशाखाली पोहे उतरत नाहीत, तसंच.

पुढचा सगळा मजकूर मुख्यतः पहिल्या प्रकारच्या आणि थोड्या चुळबुळ्या कुत्र्यासाठी आहे. दुसऱ्या प्रकारात खेळणं हा उपाय नाही, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

## रबरी खेळणं: दोन भोकं हवीतच

मागे ठेवायला सगळ्यात भरवशाचं खेळणं म्हणजे जाड, पोकळ, नैसर्गिक रबराचं, खाली रुंद आणि वर निमुळतं असलेलं. ‘काँग’ या नावाने ते ओळखलं जातं. 1970 च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहम नावाच्या गृहस्थांचं कुत्रं दगड चावून दात झिजवत होतं, आणि जुन्या गाडीच्या सस्पेन्शनमधला रबरी भाग मिळाल्यावर ते तोच चावायला लागलं. त्यातून हा आकार सुचला. रबर दातांखाली दबतं आणि पुन्हा पूर्ववत होतं, म्हणून दात वाचतात.

घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, माप. खेळणं कुत्र्याच्या मागच्या दाढांपर्यंत पूर्ण आत जात असेल, तर ते घशात अडकू शकतं. दोन मापांमध्ये घोळ झाला तर मोठंच घ्या. दुसरी, कडकपणा. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर किंचित खळगा पडला पाहिजे. तिसरी आणि लोकांच्या लक्षात न येणारी: दोन भोकं. एक मोठं तोंड आणि विरुद्ध टोकाला एक छोटं छिद्र.

लहानपणी स्टीलचा पेला तोंडाला लावून आतली हवा ओढली की तो ओठांना चिकटून बसायचा, आठवतं? एकच भोक असलेल्या खेळण्यात कुत्र्याची जीभ अशीच अडकते. ती आत जाऊन भोक बंद करते, चाटता चाटता आतली हवा कमी होते, जीभ सुजते आणि मग बाहेर येत नाही. अशा घटनांत कुत्र्यांच्या जिभेवर शस्त्रक्रिया करावी लागली आहे. दुसऱ्या छिद्रातून हवा आत येत राहिली की हा धोका टळतो. एकच भोक असलेला पोकळ चेंडू घरात असेल, तर त्यात खाणं भरू नका.

## भरायचं काय आणि कसं?

समजा, कोथरूडच्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चिंगी नावाची तीन वर्षांची, नसबंदी झालेली देशी कुत्री आहे. वजन 18 किलो. अशा कुत्रीला दिवसाला साधारण 950 ते 1000 कॅलरी लागतात. 100 ग्रॅमला 360 कॅलरी देणारं कोरडं खाणं असेल तर ते झालं 270 ग्रॅम. तुमच्या पाकिटावरचा आकडा वेगळा असेल, तो बघून हिशेब करा. खेळण्यात जे भरायचं ते याच 270 ग्रॅममधून. वरचा खाऊ एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही.

रबरी खेळण्यासाठी 40 ग्रॅम कोरडं खाणं अर्ध्या वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, काट्याने कुस्करा आणि एक मोठा चमचा बिनसाखरेचं दही घाला. एक जाडसर स्ट्रॉ छोट्या छिद्रातून घालून मोठ्या तोंडातून वर काढा. तिच्याभोवती मिश्रण सैलसर भरा, दाबून कोंबू नका. वरच्या तोंडाशी दोन-तीन कोरडे दाणे अर्धवट बाहेर राहतील असे खोचा. पहिली कमाई सोपी असली की पुढचे कष्ट घेण्याची तयारी होते. खेळणं एखाद्या कपात उभं ठेवून फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी स्ट्रॉ पिळून ओढून काढा. ती काढायला विसरलात तर कुत्रं गिळेल, म्हणून रंगीत स्ट्रॉ वापरा. तिच्या जागी आरपार नळी राहते, म्हणजे गोठलेल्या खाण्यातूनही हवा खेळत राहते.

घरचं जेवण देत असाल तर मऊ दहीभात उत्तम गोठतो, फक्त मीठ आणि फोडणी नको. वाफवलेला लाल भोपळा, गाजर, हाडं काढून शिजवलेलं चिकन चालतं. शेंगदाण्याचं कूट मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवून अर्धा चमचा आतून लावता येतं. विकतचं पीनट बटर घेतलं तर घटक वाचाच. ‘झायलिटॉल’ ही साखरेऐवजी घालतात ती गोडी कुत्र्याची रक्तशर्करा वेगाने खाली आणते आणि यकृतावर आघात करते, थोडीशीसुद्धा जिवावर बेतू शकते. कांदा आणि लसूण शिजवूनही चालत नाहीत, त्यामुळे उरलेल्या भाजीचा रस्सा यात घालायचा नाही. द्राक्षं, मनुका, बेदाणे मूत्रपिंडाला घातक असतात. प्रसादाचा शिरा ‘तेवढाच एक घास’ म्हणून भरला जातो, त्यात नेमके बेदाणे असतात. चॉकलेटही नको.

## पहिल्याच दिवशी गोठवलेलं देऊ नका

सगळ्यात जास्त खेळणी याच घाईमुळे वाया जातात. कुत्र्याला ही कला शिकावी लागते. पहिले दोन-तीन दिवस सैल कोरडे दाणे टाका, जे खेळणं हलवलं की आपोआप पडतील. मग न गोठवलेलं मऊ मिश्रण. मग एक तास फ्रीझरमध्ये ठेवलेलं. शेवटी रात्रभर गोठवलेलं. पुढची पायरी कधी घ्यायची हे कुत्रंच सांगतं: दहा मिनिटांच्या आत शांतपणे फस्त केलं तर पुढे जा. पाच मिनिटं चाटून सोडून दिलं, पंजाने आपटून भुंकायला लागलं, तर एक पायरी मागे या. म्हातारं कुत्रं, दात येणारं पिल्लू किंवा दुखरे दात असलेलं कुत्रं असेल तर दगडासारखं गोठवूच नका.

आणि या सगळ्या पायऱ्या तुम्ही घरात असताना शिकवायच्या. खेळणं फक्त कुलूप लावतानाच दिसलं, तर ते किल्ल्यांच्या आवाजासारखं होऊन बसतं. कुत्र्याला त्यातून एकच कळतं: आता हे जाणार. रविवारी तुम्ही पेपर वाचत बसलात तेव्हाही ते मिळू दे.

एकटं राहण्याची सवयही अशीच मिनिटांनी वाढवायची. एक मिनिट, तीन, पाच, दहा, मग वीस. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापर्यंत हळू जा, कारण अवघड चढ तिथेच आहे. तिथे कुत्रं पडून झोपायला लागलं, की तासाचे दोन तास करणं तुलनेने सोपं जातं.

## मागे काय ठेवायचं आणि काय कपाटात

दुकानात ही सगळी खेळणी एकाच रांगेत टांगलेली असतात, म्हणून घोटाळा होतो. खरं तर त्यांचे दोन वेगळे गट आहेत: तुमच्या डोळ्यांसमोर द्यायची आणि मागे ठेवायची. दुसरा गट फार छोटा आहे. योग्य मापाचं दोन भोकांचं रबरी खेळणं आणि कडक प्लॅस्टिकचा घरंगळणारा, दाणे सांडणारा चेंडू, एवढंच. तोही तुमच्यासमोर आठवडाभर वापरून बघितलेला, आणि कुत्रं तो फोडत नाही याची खात्री झालेला.

कापडाच्या पट्ट्यांचं हुंगायचं पायपुसणं आणि चाटायची सिलिकॉनची चटई चांगली साधनं आहेत, पण खाणं संपलं की कुत्रं ती चटईच खायला घेतं. दोरीचे धागे गिळले गेले तर जास्त वाईट. लांब धागा आतड्यात एका टोकाला अडकला, की आतडं त्याच्यावर नाडीसारखं चुणत जातं आणि कापलं जाऊ शकतं. कातड्याची हाडं ओली होऊन फुगतात आणि उरलेला तुकडा कुत्रं अख्खा गिळतं. हिमालयन चीज म्हणून मिळणारी छुर्पी आणि वाळवलेल्या मांसाच्या काड्या यांचाही शेवटचा तुकडाच धोक्याचा. शिंगं, खूर आणि खरी हाडं नखाच्या चाचणीत नापास होतात. त्यांच्यावर जोर लावताना वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो आणि ते दुखणं कुत्रं महिनोन्‌महिने लपवतं. शिजवलेली हाडं तर सुळ्यांसारखी फुटतात, ती तुमच्यासमोरही नकोत.

घरातही एक फेरी मारा. पट्टा आणि हार्नेस काढून ठेवा, कारण ते कपाटाच्या मुठीत किंवा ग्रिलमध्ये अडकतात. चिप्सची रिकामी पाकिटं कचऱ्यात उघडी ठेवू नका. कुत्रं त्यात डोकं घालतं, श्वासासरशी पाकीट नाकाला चिकटतं आणि ते काढायला हात नसतात. ड्राय बाल्कनीतलं फिनेल, कपड्यांची पावडर, उंदराचं औषध यांचं दार लावून घ्या.

मोकळ्या बाल्कनीत मात्र कुत्र्याला कोंडायचं नाही. ‘हवा खेळती असते’ म्हणून बरेच जण तसं करतात. पण एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची बाल्कनी भट्टी होते आणि कुत्र्याला अंग गार करायला धापा टाकण्यापलीकडे फारसा उपाय नसतो. पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. घरातली सगळ्यात गार खोली, पंखा, ओढलेला पडदा आणि न उलटणाऱ्या जड भांड्यांत दोन ठिकाणी पाणी. वीज गेली तर पंखा बंद पडतो, म्हणून उन्हाळ्यात शेजारी कोणाकडे तरी किल्ली असू द्या.

## चिंगीचा दिवस

घरचे साडेनऊला निघतात. पावणेआठला चिंगी खाली जाते आणि पस्तीस मिनिटं फिरते, पण हे चालणं हुंगण्याचं असतं. पट्टा लांब सोडलेला, वेग तिचा. एकाच खांबाशी ती दोन मिनिटं उभी राहिली तर राहू द्यायचं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक शार्लोट ड्युराँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2019 चा अभ्यास आहे. त्यात दोन आठवडे नाकाने शोधण्याचा सराव केलेली कुत्री अनोळखी परिस्थितीकडे अधिक आशेने बघू लागली, मालकापाठोपाठ शिस्तीत चालण्याचा सराव केलेल्यांत तसा बदल दिसला नाही.

साडेआठला वाडग्यात 60 ग्रॅम. पोट अर्धवट भरलेलं असावं. उपाशी कुत्रं चिडचिडं होऊन खेळण्याशी भांडतं आणि पोटभर जेवलेलं ते हुंगतही नाही. नवाला पाच मिनिटांचा खेळ: इडलीपात्राच्या एका ताटलीतल्या खळग्यांत 20 ग्रॅम दाणे टाकायचे आणि प्रत्येकावर जुना टेनिसचा चेंडू ठेवायचा. चेंडू उचलून खालचं खायचं. संपलं की ताटली आणि चेंडू दोन्ही आत, कारण हा डोळ्यांसमोरचा खेळ आहे. त्यानंतर वीस मिनिटं घरात काहीच घडत नाही. कोणी तिच्याशी लाडाने बोलत नाही, निरोपाचा सोहळा होत नाही.

निघताना गोठवलेलं खेळणं (40 ग्रॅम) तिच्या गादीजवळ मिळतं आणि घरंगळणाऱ्या चेंडूत 30 ग्रॅम. चेंडू सतरंजीवर, नाहीतर टाइल्सवरचा खडखड खालच्या मजल्यावर ऐकू जातो. दीडला कामाच्या मावशी किंवा फिरवायला येणारा मुलगा येतो, तिला खाली नेतो, पाणी बदलतो आणि फ्रीझरमधलं दुसरं भरलेलं खेळणं (40 ग्रॅम) देऊन जातो. संध्याकाळी उरलेलं 80 ग्रॅम. बेरीज बरोबर 270 होते.

दुपारची ही फेरी टाळू नका. प्रौढ कुत्र्याला सलग चार तास ठीक, सहा ही वरची मर्यादा समजा. स्वीडनच्या नियमांत तर दिवसा किमान दर सहा तासांनी कुत्र्याला बाहेर न्यायला सांगितलेलं आहे. आणि हिंजवडीहून निघाल्यावर कोथरूडला किती वाजता पोचू, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पिल्लाच्या बाबतीत वयाच्या महिन्यांत एक मिळवा, साधारण तितके तास त्याला शू धरता येते. चार महिन्यांचं पिल्लू पाच तास धरू शकेल, पण तेवढा वेळ एकटं ठेवायचं वय ते नाही.

## ‘पण...’

खाण्यासाठी कष्ट करायला लावणं ही क्रूरता नाही का? खाणं काढून घेतलेलं नाही, फक्त वाट लांब केली आहे. कुत्र्याचं नाक शोधण्यासाठीच घडलेलं आहे. मात्र काही कुत्र्यांना खरंच यात रस नसतो, त्यांना वाडगंच आवडतं. त्यांच्यावर लादू नका. एखादा जुना खोका उघडा ठेवून तुमच्यासमोर त्यात दाणे विखुरले तरी पुरे.

घरात मुंग्या होतील. होतात, विशेषतः पावसाळ्यात. खेळणं धुता येईल अशा चटईवर द्या, परतल्याबरोबर गरम पाणी आणि बाटलीच्या ब्रशने आतून घासा. दह्याचं मिश्रण उन्हाळ्यात दोन तासांनंतर उरलेलं असेल तर फेकून द्या. बहुतेक वेळा उरत नाही. उरत असेल तर तुम्ही जास्त भरताय किंवा जास्त गोठवताय.

दुसरं कुत्रं आणलं तर? धास्ती माणसाच्या जाण्याची असेल, तर दुसऱ्या कुत्र्याने ती जात नाही. शिवाय भरलेली खेळणी दोघांत भांडण लावतात. दोन कुत्री असतील तर दोन खोल्या, मध्ये बंद दार. आणि एकच कुत्रं असलं तरी खेळण्याजवळ गेल्यावर ते ताठरत, गुरगुरत असेल तर हिसकावू नका. चिकनचा तुकडा लांब टाकून ते उठल्यावर उचला.

परत आलो की त्याला आपली चूक कळलेली दिसते, मग ओरडायचं नाही? कान पाडणं, नजर चुकवणं ही तुमच्या आवाजाची भीती असते. होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. मालक रागावला की कुत्रं ‘अपराधी’ दिसत होतं, मग त्याने काही केलेलं असो वा नसो. चार तासांपूर्वीच्या उशीचा आणि आताच्या ओरडण्याचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की तुमचं परत येणंही धोक्याचं असतं, आणि उद्याचा पहिला अर्धा तास आणखी अवघड होतो.

## खेळणं तसंच पडून राहिलं तर

दोन आठवड्यांनी मोबाईल पुन्हा लावा. चिंगीच्या रेकॉर्डिंगमध्ये जे दिसायला हवं ते असं: दाराकडे एकदा नजर, मग पंचवीस-तीस मिनिटं खेळणं, थोडा वेळ चेंडूमागे, पाण्याचे चार घोट, एक जांभई आणि कूस. मग फक्त पंख्याचा आवाज.

दाराशी येरझारा आणि न शिवलेलं खेळणं दिसलं, तर ते जास्त चविष्ट करत बसू नका. कुत्र्याला पूर्ण एकटं ठेवणं काही काळ थांबवा. घरचं कोणीतरी, शेजारच्या आजी, पाळणाघर, जे जमेल ते बघा आणि पशुवैद्याकडे ते रेकॉर्डिंगच घेऊन जा. लाळ, उलटी, घरात शू यांच्यामागे दुखणंही असू शकतं, ते आधी तपासलं जाईल. धास्तीच असेल तर सेकंदांपासून सुरू होणारा सराव असतो आणि गरज पडल्यास फ्लुओक्सेटीनसारखी औषधंही दिली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती फक्त पशुवैद्याच्या देखरेखीखाली द्यायची. माणसाच्या झोपेची किंवा सर्दीची गोळी ‘शांत राहील’ म्हणून देऊ नका.

सराव नीट चालू असतानाही काही संध्याकाळी सगळं बिघडतं. नदीपात्राजवळ राहणाऱ्यांकडे गणपतीच्या आधी ढोल पथकांचा सराव सुरू होतो, पुढे दिवाळीचे फटाके. त्या दिवसांत एकटं ठेवण्याची मिनिटं वाढवू नका. संध्याकाळी घरात कोणीतरी थांबा, खिडक्या लावून घ्या, आणि भरलेलं खेळणं आवाज सुरू होण्याच्या अर्धा तास आधी द्या. आवाज सुरू झाल्यावर ते चाटणं सोडून पलंगाखाली गेलं, तर त्याला तिथेच राहू द्या आणि तुम्ही जवळ जमिनीवर बसा.